करार नाही, तरी पैसे परत: म्हैसूरच्या एका वीजबिलावरून

म्हैसूरमध्ये वीजबिल भरताना घरमालकाचे नाव कामी येत नाही, आरआर नंबर लागतो. चामुंडेश्वरी वीज पुरवठा निगम, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सेस्क’, प्रत्येक जोडणीला असा नंबर देते आणि फोनवरून बिल भरताना तोच टाकावा लागतो. समजा, सरस्वतीपुरम्‌मधल्या एका भाडेकरूने तो नंबर टाकताना एक आकडा चुकवला. पडद्यावर ११,६०० रुपयांचे बिल आले. मागचे दोन महिने बिल भरायचे राहून गेले होते, त्यामुळे रक्कम मोठी दिसली तरी त्याला शंका आली नाही. खाली छापलेले ग्राहकाचे नाव त्याने वाचले नाही आणि पैसे भरून टाकले. पैसे जमा झाले लष्कर मोहल्ल्यातल्या एका अनोळखी दुकानाच्या खात्यात, आणि दुकानदाराची थकबाकी मिटली.

हे उदाहरण कल्पित आहे. पण कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत याच धर्तीचा प्रश्न येतो आणि त्याखाली चार पर्याय असतात: भारतीय करार कायदा, १८७२ यातली कलमे ६५, ६९, ७० आणि ७२. चारही कलमे एकच गोष्ट सांगतात असे पहिल्या वाचनात वाटते. एकाचे गेले, दुसऱ्याला मिळाले, तेव्हा परत करा. फरक कळतो तो पैसे नेमके कोणाकडून मागायचे आणि न्यायालयापुढे काय सिद्ध करायचे, हे विचारल्यावर. कलम चुकले तर प्रतिवादी चुकतो, आणि चुकीच्या माणसावर लावलेला दावा न्याय्य असला तरी फेटाळला जातो.

पहिला पर्याय सर्वात लवकर बाजूला होतो. कलम ६५ लागते ते करार झालेला असतो तेव्हा. दोघांनी करार केला आणि तो मुळातच रद्दबातल होता असे मागाहून उघड झाले, किंवा चांगला करार पुढे रद्दबातल ठरला, तर त्याखाली मिळालेला लाभ परत करायचा. दसऱ्याच्या दिवसांत एखाद्याने प्रदर्शनातला गाळा घेण्यासाठी आगाऊ रक्कम दिली आणि करार होण्याच्या आदल्या रात्रीच तो गाळा जळून गेला होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हते, तर ती रक्कम कलम ६५ ने परत येईल. आपल्या भाडेकरूचा त्या दुकानाच्या जोडणीशी कोणताच करार नव्हता. करारच नसेल तर तो रद्दबातल ठरण्याचा प्रश्नही उरत नाही. म्हणून अशा प्रश्नात आधी शोधायचे ते एवढेच: या दोघांत कधी काही ठरले होते का?

उरलेली तीन कलमे कायद्याच्या पाचव्या प्रकरणात येतात. त्या प्रकरणात पाच कलमे आहेत. करार करण्यास अपात्र व्यक्तीला जीवनावश्यक वस्तू पुरवणाऱ्याला तिच्या मालमत्तेतून भरपाई देणारे ६८ आणि हरवलेली वस्तू सापडलेल्याची जबाबदारी सांगणारे ७१ यांचा इथे संबंध नाही. मसुदाकारांनी या साऱ्याला ‘करारसदृश’ म्हणण्याचे टाळले आणि ‘करारातून निर्माण होणाऱ्या संबंधांसारखे काही संबंध’ असे लांबलचक शीर्षक दिले. मला ते शीर्षक आवडते, कारण त्यात खोटे काही नाही. इंग्लंडमध्ये न्यायालये फार काळ असे मानत होती की ज्याला पैसे मिळाले त्याने ते परत करण्याचे मनोमन कबूलच केले आहे. आपल्या कायद्याला या कल्पित कबुलीची गरज नाही. देणे कायद्यानेच लादलेले आहे.

आता कलम ६९. एखादी रक्कम भरण्यास दुसरा कायद्याने बांधलेला आहे, पण ती भरली जाण्यात माझे हित गुंतलेले आहे आणि म्हणून मी ती भरली, तर मला त्या दुसऱ्याकडून ती वसूल करता येते. कायद्यात दिलेले उदाहरण बंगालमधल्या जमिनीचे आहे. जमीनदाराने सरकारी सारा थकवला. जमिनीचा लिलाव झाला तर कुळाचा पट्टाही जाईल, म्हणून कुळाने सारा भरला. कुळाला तो जमीनदाराकडून परत मिळतो. यातले ‘म्हणून’ महत्त्वाचे आहे. पैसे भरण्याचे कारण स्वतःचे हित वाचवणे हे असले पाहिजे. ते हित मालकी हक्काइतके पक्के नसले तरी चालते, पण ते खरे असावे लागते. लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानाची वीज तुटली असती तर सरस्वतीपुरम्‌च्या भाडेकरूचे काय बिघडले असते? काहीच नाही. तो त्या दुकानाला ओळखतही नव्हता. म्हणून दुकानदारावर कलम ६९ खाली दावा टिकणार नाही.

हेच उदाहरण थोडे बदलले की उत्तरही बदलते. समजा, भाडेकरूने तेच दुकान चालवायला घेतले, आणि आधीच्या वापरणाऱ्याची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी मिळणार नाही असे त्याला सांगण्यात आले. २०२३ साली के. सी. निनान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जागेची जुनी थकबाकी नव्या जोडणीसाठी येणाऱ्याकडे मागू शकते. त्याने ती भरली तर त्यात त्याचे हित उघड आहे आणि मूळ देणेकरी दुसराच आहे. आता कलम ६९ बरोबर बसते, आणि दावा जातो जुन्या वापरणाऱ्यावर. वीज कंपनीवर तो जात नाही, कारण कंपनीला मिळाले ते तिचे हक्काचेच होते.

कलम ७० विद्यार्थ्यांना आणि कित्येकदा वकिलांनाही भुलवते. त्यात तीन गोष्टी हव्यात. काम किंवा वस्तू कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी केलेली वा दिलेली असावी, ती फुकट करण्याचा हेतू नसावा, आणि दुसऱ्याने तिचा लाभ उपभोगलेला असावा. या कलमाचा आजचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल आणि कंपनी या खटल्यात पक्का केला, आणि बहुमताचा निकाल लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. कंत्राटदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामे आणि इतर बांधकामे केली होती. सरकारने ती वापरली आणि मग पैसे देण्याची वेळ आल्यावर सांगितले की, १९३५ च्या भारत सरकार कायद्यात घालून दिलेल्या रीतीने करारच झालेला नाही. न्यायालयाने करार नसल्याचे मान्य केले आणि तरीही कलम ७० खाली भरपाई द्यायला लावली.

त्या निकालात एक भीतीही व्यक्त झाली होती आणि तिचे उत्तरही दिले गेले होते. कोणीही उठेल, न सांगता दुसऱ्याचे काम करील आणि मग बिल पुढे करील, असे होऊ नये. त्यावर न्या. गजेंद्रगडकरांचे म्हणणे असे की, दिलेली वस्तू नाकारण्याची मोकळीक समोरच्याला होती का, हे पाहायचे. ती नाकारता येत असूनही त्याने ठेवून घेतली आणि वापरली, तरच देणे लागते. या कसोटीवर आपल्या दुकानदाराकडे पाहा. त्याची थकबाकी त्याच्या नकळत मिटली. घ्यायचे की नाकारायचे, हा निर्णय त्याच्यापुढे कधी आलाच नाही. शिवाय भाडेकरूने जे केले ते स्वतःसाठी केले होते, दुकानदारासाठी केलेच नव्हते. म्हणून सकृद्दर्शनी कलम ७० सुद्धा दुकानदाराला बांधत नाही. हे उत्तर कठोर वाटते, पण मला ते योग्य वाटते. अनोळखी माणसाच्या हुकलेल्या आकड्यामुळे कोणी त्याचा देणेकरी होऊ नये.

राहिले कलम ७२. चुकीने किंवा जबरदस्तीखाली ज्याला पैसे दिले गेले वा वस्तू सुपूर्द झाली, त्याने ती परत केली पाहिजे. एवढेच एक वाक्य आहे. दावा पैसे घेणाऱ्यावर लागतो, आणि आपल्या उदाहरणात पैसे घेणारी वीज कंपनी आहे. परीक्षेत खूण करायची ती इथे.

पण कंपनी सहज मान्य करील असे नाही. तिचा पहिला बचाव असा असेल की भाडेकरू निष्काळजी होता, नाव पडद्यावर दिसत होते, त्याने वाचले का नाही? हा बचाव जुना आहे आणि जुन्या काळापासूनच फेटाळला गेला आहे. इंग्लंडमध्ये १८४१ साली केली विरुद्ध सोलारी या खटल्यात विमा कंपनीने हप्ता न भरल्यामुळे संपलेल्या पॉलिसीचे पैसे विसरून वारसाला देऊन टाकले होते. पॉलिसी संपल्याची नोंद तिच्याच दप्तरात होती. तरीही निष्काळजीपणामुळे पैसे परत मागण्याचा हक्क जात नाही असे ठरले. मात्र एक रेषा तिथेही आखली गेली: खरे काय ते कळून-सवरून, किंवा ‘काहीही असो, देऊन टाकू’ असे म्हणून पैसे दिले असतील तर ती चूक नव्हे. न वाचणे ही चूक आहे, वाचून दुर्लक्ष करणे ही नाही.

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे. कंपनी म्हणेल, आम्हाला फुकट काही मिळालेले नाही, आमचे येणे होते ते आले आणि दुकानाचे खाते आम्ही मिटवले. इथे त्याच कायद्यातले कलम ४१ मधे येते. वचन घेणाऱ्याने तिऱ्हाइताकडून देणे स्वीकारले तर नंतर मूळ देणेकऱ्याकडे ते मागता येत नाही. कंपनीला प्रामाणिक धास्ती असेल की भाडेकरूला पैसे परत केले आणि दुकानदाराने कलम ४१ पुढे केले तर ११,६०० रुपये दोन्हीकडून गेले. माझ्या मते या धास्तीला आधार नाही. कलम ४१ मध्ये तिऱ्हाईत जाणूनबुजून दुसऱ्याचे देणे फेडतो असे गृहीत आहे. आपला भाडेकरू स्वतःचे बिल भरत होता. चूक लवकर लक्षात आली, नोंद उलटवली गेली आणि दुकानदाराला त्याचे बिल पुन्हा दिसले, तर तिघेही मूळ जागी येतात, कोणाचेच नुकसान होत नाही.

नुकसान होते ते उशिराने. समजा, सहा महिने कोणी काही बोलले नाही. दुकानदाराने तेवढ्यात दुकान बंद केले, खात्यावर थकबाकी शून्य दिसत असल्याने पूर्ण अनामत रक्कम परत घेतली आणि गाव सोडले. आता कंपनीची वसुलीची वाट बुजली. त्याचबरोबर दुकानदाराची बाजूही बदलली. आपली थकबाकी कोणीतरी दुसऱ्याने भरली हे कळत असूनही त्याने शून्य थकबाकीच्या बळावर अनामत उचलली असेल, तर लाभ नाकारण्याची संधी त्याला मिळाली आणि त्याने ती घेतली नाही. आधी न लागणारे कलम ७० आता लागू होऊ शकते. शहाणा वकील अशा वेळी कंपनी आणि दुकानदार दोघांनाही प्रतिवादी करील आणि कलम ७२ व ७० दोन्ही पर्यायी म्हणून मांडील. पण नुसते कलमाचे आकडे लिहून भागत नाही. १९७७ मध्ये छापलेल्या सीताराम जयस्वाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम ७० चे तीनही घटक दावापत्रात स्पष्ट मांडलेले नसतील तर त्या कलमाचा आधार मिळणार नाही.

चूक वस्तुस्थितीची असो की कायद्याची, कलम ७२ दोन्हींना लागते. हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता, कारण कलम २१ म्हणते की भारतातल्या कायद्याविषयीच्या चुकीमुळे करार रद्द करता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४९ साली शिवप्रसाद सिंह यांच्या खटल्यात गुंता सोडवला: कलम २१ करार टिकतो की नाही याविषयी आहे, कलम ७२ पैसे परत करण्याविषयी आहे, आणि ७२ मध्ये चुकीचे प्रकार पाडलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बनारसच्या कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ यांच्या प्रकरणात हेच विक्रीकराला लावले. त्या पेढीने चांदीच्या वायद्याच्या व्यवहारांवर कर भरला होता आणि तो कर घटनाबाह्य ठरला होता. सरकारने पैसे खर्च झाल्याचे सांगितले, तेही न्यायालयाने ऐकले नाही. ‘जबरदस्ती’चा अर्थही इथे व्यापक आहे. करार रद्द करवण्यासाठी कलम १५ मध्ये दिलेली काटेकोर व्याख्या कलम ७२ ला लागत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१३ मध्येच सांगितले होते. माल अडकवून ठेवून जादा भाडे उकळणारी रेल्वे कंपनी हे कायद्यातलेच उदाहरण आहे.

या साऱ्या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती म्हैसूरच्याच एका पेढीच्या प्रकरणात. डी. कावसजी आणि कंपनी ही म्हैसूरची पेढी दारूच्या ठेक्याच्या धंद्यात होती. तिच्या नावाचे दोन निकाल या विषयात आजही वाचावे लागतात.

पहिला १९७५ च्या निर्णयसंग्रहात आहे. १९४१ च्या म्हैसूर प्राथमिक शिक्षण कायद्याखाली सरकार अबकारीवर शिक्षण उपकर घेत होते. तो बेकायदा ठरल्यावर ठेकेदारांनी परतावा मागितला. आधी एका कालखंडाचा मागितला आणि तो मिळाला. मग त्याआधीच्या वर्षांचाही मागायला ते आले. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. चूक कळली तेव्हा ती सगळ्याच वर्षांविषयी कळली होती, मग पहिल्याच याचिकेत सगळे का मागितले नाही, असा प्रश्न न्यायालयाने केला. हक्क होता, कलम ७२ होते, पण मागणी तुकड्यातुकड्याने केल्यामुळे रक्कम बुडाली. न्या. मॅथ्यू यांनी त्याच निकालात मुदतीचाही विचार केला. चुकीच्या बाबतीत मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तीन वर्षांचे घड्याळ पैसे दिल्यापासून सुरू न होता चूक कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर जेव्हा कळली असती तेव्हापासून सुरू होते. करकायदा पंधरा-वीस वर्षांनी रद्द झाला तर तेवढ्या काळाचा महसूल परत द्यावा लागेल, म्हणून कायदेमंडळाने यासाठी वेगळी आटोपशीर मुदत आखावी असे त्यांनी सुचवले.

दुसरा निकाल १९८४ चा. अरकवर विक्रीकर आकारताना पेढीने सरकारला भरलेली अबकारी आणि उपकर किमतीत धरले गेले होते. उच्च न्यायालयाने ते चूक ठरवले आणि परताव्याचा रस्ता मोकळा झाला. तेव्हा कायदेमंडळाने कराचा दर साडेसहा टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर नेला आणि तोही पूर्वलक्षी, म्हणजे आधी जास्त घेतलेली रक्कम आता कायदेशीर ठरावी. सर्वोच्च न्यायालयाने हा पूर्वलक्षी भाग रद्द केला. चुकीने घेतलेले पैसे ठेवून घेण्यासाठीच केलेली ती दरवाढ आहे, कायद्यातला दोष दूर करण्यासाठी नाही, हे त्यामागचे कारण. माझ्या दृष्टीने कलम ७२ च्या इतिहासातला हा सर्वात धडधडीत प्रसंग आहे, कारण पैसे धरून ठेवणाऱ्याच्या हातीच कायदा करण्याचा अधिकार होता.

डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने वारे फिरवले. व्यापाऱ्याने कर भरला पण तो ग्राहकाकडून वसूल करून घेतला असेल तर परतावा त्याला का द्यायचा? तसे केले तर सरकारच्या जागी व्यापारी दुसऱ्याच्या पैशावर संपन्न होईल. म्हणून करपरतावा मागणाऱ्याने भार पुढे ढकललेला नाही हे सिद्ध करायचे, आणि कर घटनाबाह्य असल्याखेरीज त्या करकायद्यातल्याच मार्गाने जायचे, असे ठरले. सराफ निकालातला याच्या विरुद्ध जाणारा भाग रद्द झाला. तर्क बिनतोड आहे, पण परिणामाने मी समाधानी नाही. ग्राहकाने भरलेला बेकायदा कर ग्राहकाला क्वचितच परत मिळतो, आणि सरकारकडे राहिलेली रक्कम मात्र राहतेच.

आपल्या भाडेकरूला मफतलालची आडकाठी नाही. त्याने भार कोणावर ढकललेला नाही, आणि वीजबिल हा करही नाही. त्याच्यापुढची अडचण साधी आहे. पुरावा हवा: व्यवहाराचा क्रमांक, त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या आरआर नंबरवर दाखवली जाणारी थकबाकी, आणि दोन नंबरांतला एका आकड्याचा फरक. हे तीन कागद शेजारी ठेवले की चूक कोणालाही दिसते. कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जात ‘कृपया समायोजन करावे’ एवढेच न लिहिता रक्कम चुकीने भरली गेली आणि कलम ७२ खाली ती परत मागतो आहे, असे लिहावे. दुकानदारालाही पत्र पाठवावे. ते पैसे वसूल करण्यासाठी नव्हे, तर त्याला कळले होते हे पुढे दाखवता यावे म्हणून. मग त्याने अनामत उचलली तर कलम ७० चा दरवाजा त्या पत्राने उघडलेला असतो.

बँकेतून चुकीच्या खात्यात पैसे गेले तर हीच मांडणी आणखी सरळ आहे, कारण पैसे घेणारा आणि लाभ मिळालेला माणूस एकच असतो. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते, पण खातेदाराच्या संमतीशिवाय रक्कम उलटवायला बँका सहसा तयार होत नाहीत. तो नाही म्हणाला तर दिवाणी दावा कलम ७२ खाली त्याच्यावर लागतो. एनईएफटी आणि आरटीजीएस मध्ये पैसे खातेक्रमांकावरच जमा होतात. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे नाव दाखवण्याची सोय करायला सांगितली. ते नाव वाचा. आणि पैसे गेलेच असतील तर सगळी रक्कम, सगळ्या तारखांसह, पहिल्याच अर्जात मागा.